प्रमोशनमध्ये डावललं गेलं का, हे कागदावर कसं तपासायचं

प्रश्न: बुटीबोरीच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये सीनियर इंजिनिअर आहे. वय ३९, इथे अकरा वर्षं झाली. मागच्या वर्षी बाळंतपणाची रजा घेतली होती. यंदा असिस्टंट मॅनेजरच्या दोन्ही जागा माझ्यानंतर लागलेल्या दोन मुलांना मिळाल्या. साहेब म्हणाले, "तुमचं काम चांगलंच आहे, पण पुण्याच्या कस्टमरसमोर थोडी पॉलिश लागते, आणि आता घरी लहान बाळ पण आहे." मी गोंदियाकडची, बोलण्यात झाडीपट्टीचा हेल आहे. हा भेदभाव आहे की मीच मनाला लावून घेतेय? आणि काही करायचं तर नेमकं काय?

उत्तर:

साहेबांचं ते वाक्य आज, हे वाचून होताच, जसंच्या तसं एका वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोणती खोली, आणखी कोण हजर होतं, तेही लिहा. महिन्याभराने तुम्हालाच आठवेल की "बाळाबद्दल काहीतरी म्हणाले होते", आणि "काहीतरी" हा शब्द कुठल्याही चौकशीत काडीच्याही कामाचा नसतो. त्या वाक्याचे दोन तुकडे आहेत आणि दोन्हींची ताकद सारखी नाही. बाळाचा उल्लेख थेट आहे; एखाद्या पुरुषाला प्रमोशन नाकारताना "घरी लहान बाळ आहे" हे कारण कोणी देत नाही. "पॉलिश" मात्र निसरडा शब्द आहे. त्यात खरोखरचं कौशल्यही असू शकतं, आणि "तुमचं बोलणं आमच्यासारखं नाही" एवढंच असू शकतं.

साहेबांच्या मनात भेदभाव आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही, आणि बहुतेक वेळा त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. उत्तर मिळू शकेल असे प्रश्न तीन आहेत. ज्या निकषावर तुम्हाला नाकारलं तो निवडीच्या आधी कुठे लिहिलेला होता का? तो सगळ्या उमेदवारांना लावला का? आणि तो लावताना कोणी, काय पाहून गुण दिले?

हे तिन्ही का विचारायचे, ते एका प्रयोगावरून नीट कळतं. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी लोकांपुढे कधी पुरुष उमेदवार ठेवला, कधी स्त्री. उमेदवाराकडे कधी रस्त्यावरचा अनुभव होता, कधी शिक्षण. पुरुष जेव्हा शिकलेला दाखवला, तेव्हा लोकांनी शिक्षणाला जास्त महत्त्व दिलं. पुरुष अनुभवी दाखवला, तेव्हा शिक्षणाचं वजन कमी झालं. म्हणजे निकष आधी ठरला नाही. माणूस आधी पसंत पडला आणि निकष त्याच्या अंगाला बेतून शिवला गेला. तेच लोकांच्या हातून निकषांचं महत्त्व आधी ठरवून घेतलं आणि मग उमेदवार दाखवले, तेव्हा हा कल दिसेनासा झाला. म्हणून निकषाची तारीख शोधणं हे पहिलं काम.

तुमच्या बाबतीत ती कुठे सापडेल? प्रमोशनचं परिपत्रक किंवा इंटर्नल जॉब पोस्टिंगचा मेल, असिस्टंट मॅनेजरच्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शन, तुमच्या मागच्या तीन अप्रेझलचे फॉर्म आणि वर्षाच्या सुरुवातीला सही केलेलं टार्गेट शीट. या चार कागदांत "कस्टमर प्रेझेंटेशन", "संवादकौशल्य" असं काही आहे का ते पाहा. असेल आणि त्यात तुम्हाला ५ पैकी ४ मिळालेले असतील, तर आजची "पॉलिश" कुठून उगवली हा सरळ प्रश्न तयार होतो. कुठेच नसेल, तर तो निकष निवडीनंतर आला. आणि असेल व दोन वर्षं त्यातच गुण कमी पडत असतील, तर तुमची बाजू तिथे कमकुवत आहे हेही मान्य करा. हा तपास स्वतःविरुद्धही चालवायचा असतो, नाहीतर पहिल्याच बैठकीत एचआर तो तुमच्यावर चालवते.

आता एक तक्ता करा. साध्या कागदावर, घरी, स्वतःच्या माहितीतून. गेल्या तीन वर्षांत तुमच्या ग्रेडमधून असिस्टंट मॅनेजरसाठी जे जे पात्र होते, त्यांची नावं डावीकडे. पुढे रकाने: कंपनीत लागल्याची तारीख, या ग्रेडमध्ये किती वर्षं, शिक्षण, गेल्या तीन वर्षांचं रेटिंग जेवढं माहीत असेल तेवढं, कोणत्या मोठ्या कामाची जबाबदारी होती, प्रमोशन मिळालं की नाही, आणि न मिळाल्यास कारण काय सांगितलं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो. एकाच वर्षात एकाला "अनुभव कमी" म्हणून थांबवलं आणि दुसऱ्याला "आता नवं रक्त हवं" म्हणून, तर माप एक नव्हतंच. वयाचा भेदभाव बहुधा इथेच पकडला जातो. "एनर्जी", "लवकर शिकणारा", "पुढे बराच वाव आहे" असे शब्द फक्त तिशीच्या आतल्यांच्या वाट्याला येताहेत का, ते पाहा. एकोणचाळिसाव्या वर्षी तुम्हाला "सेटल्ड" म्हटलं गेलं असेल, तर तेही टिपा.

हा तक्ता भरताना दोन पथ्यं. दुसऱ्याच्या पगाराची किंवा अप्रेझलची फाइल उघडून पाहू नका, आणि कंपनीचा एकही मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. असं केलं की मूळ तक्रार बाजूला राहते आणि गोपनीयता मोडल्याची चौकशी तुमच्यावर बसते. चांगली प्रकरणं याच खड्ड्यात गेलेली आहेत. स्वतःचे अप्रेझल, स्वतःला आलेली पत्रं, टार्गेट शीट यांच्या प्रती एचआरकडे रीतसर मागा. बाकीचं तुम्हाला जेवढं सहज माहीत आहे तेवढंच लिहा.

तक्ता झाला की आकडे मोहात पाडतात, म्हणून थोडं गणित. समजा, यंदा पात्र आठ जण होते, पाच पुरुष आणि तीन स्त्रिया, आणि दोघांना बढती मिळाली, दोन्ही पुरुष. आठ चिठ्ठ्या टाकून डोळे मिटून दोन उचलल्या असत्या, तरी २८ पैकी १० वेळा दोन्ही पुरुषच निघाले असते. म्हणजे ३६ टक्के. यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता समजा, मागच्या वर्षी सहा पात्र होते, चार पुरुष आणि दोन स्त्रिया, जागा एक, मिळाली पुरुषाला. याची शक्यता ६७ टक्के. त्याआधी सात पात्र, चार पुरुष आणि तीन स्त्रिया, जागा दोन, दोन्ही पुरुषांना; २१ पैकी ६, म्हणजे २९ टक्के. तिन्ही वर्षं असंच घडण्याची शक्यता काढायला तिन्हींचा गुणाकार: ०.३६ × ०.६७ × ०.२९, साधारण सात टक्के. सात टक्के म्हणजे नजर वर व्हावी असा आकडा, पण निकाल लागावा असा नाही. त्या स्त्रिया ग्रेडमध्ये नव्या असतील तर तोही अर्थ गळून पडतो. लहान विभागात आकडे दार ठोठावण्यापुरते असतात. खरं वजन "सारखीच दोन माणसं, वेगळा निकाल" या तुलनेला असतं. म्हणून तक्त्यातून तुमच्याशी सगळ्यात जास्त जुळणारा एकच माणूस निवडा, तीच ग्रेड, तेच काम, जवळपास तेच रेटिंग, आणि पुढचा सगळा तपास त्या एका जोडीवर करा.

आता रजेच्या वर्षाचं अप्रेझल काढा. माझ्या अंदाजाने तुमच्या प्रकरणाचा गाभा इथे सापडण्याची शक्यता जास्त आहे, आणि बहुतेक जणी हा कागद उघडूनच पाहत नाहीत. समजा, वर्षाचं टार्गेट बारा सप्लायर ऑडिटचं होतं. तुम्ही २६ आठवडे रजेवर होता आणि उरलेल्या काळात सात ऑडिट केली. सिस्टिममध्ये सात भागिले बारा होतं, ५८ टक्के, आणि रेटिंगच्या खिडकीत "अपेक्षेपेक्षा कमी" आपोआप उमटतं. कोणी वाईट हेतूने काही केलेलं नसतं. पण तुम्ही हजर होता २६ आठवडे, म्हणजे टार्गेट व्हायला हवं होतं सहा. सहाच्या ठिकाणी सात म्हणजे ११७ टक्के. एकाच कामाचे दोन निकाल. पुढे प्रमोशनच्या पात्रतेत "गेल्या तीन वर्षांत एकही कमी रेटिंग नको" अशी अट असली की रजेचं वर्ष शांतपणे तुम्हाला यादीतून काढून टाकतं, आणि यादीबाहेर का, हे कोणाला विचारावंसंही वाटत नाही. आधी हा एक आकडा तपासा. तो असा निघाला, तर तुमच्या पत्रातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. "पॉलिश"बद्दल वाद घालता येतो, भागाकाराबद्दल नाही.

ही गोष्ट न्यायालयानेही तपासलेली आहे, फक्त ठिकाण वेगळं होतं. लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या लेफ्टनंट कर्नल नितिशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये हेच पाहिलं. त्या स्त्रियांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंत लष्करात राहण्याची मुभा, मिळण्याची सोयच पूर्वी नव्हती, म्हणून त्यांचे गोपनीय अहवाल वर्षानुवर्षं वरवर लिहिले गेले. पुढे सोय झाली आणि तेच अहवाल निवडीसाठी वापरले. नियम कागदावर सगळ्यांना एकच होता, पण त्याचा भार एकाच गटावर पडत होता. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं आणि हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, परिणाम पाहा, असं सांगितलं. तो निकाल सरकारविरुद्धचा, घटनेच्या कलम १४ आणि १५ वरचा आहे. खासगी कंपनीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण एचआरशी बोलताना मांडणी तीच ठेवा: "कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, या नियमाचा परिणाम काय झाला ते पाहू."

रेटिंगच्या मागे आणखी एक थर आहे, कामवाटपाचा. प्रमोशनचा निर्णय मार्चमध्ये होतो, पण ठरतो तो आधीच्या वर्षा-दीड वर्षात, नव्या लाइनची जबाबदारी, कस्टमर ऑडिट, साहेब सुट्टीवर असताना चार्ज कोणाकडे, हे ठरतं तेव्हा. रजेवर जाताना तुमच्याकडची कोणती कामं "तात्पुरती" दुसऱ्याकडे गेली आणि परत आल्यावर त्यातली कोणती परत मिळाली? चाकणच्या कस्टमरची तक्रार हाताळणं त्या काळात दुसऱ्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं असेल, तर "कस्टमरसमोर पॉलिश नाही" या वाक्याचा अर्थ बदलतो. कस्टमरसमोर उभं राहण्याची संधी काढून घ्यायची आणि मग अनुभव नाही म्हणायचं, असा तो प्रकार झाला. तसंच कंपनीची बस. ती पावणेसहाला सुटत असेल आणि ज्या रिव्ह्यू मीटिंगला प्लांट हेड बसतात ती सहाला सुरू होत असेल, तर त्या मीटिंगला नियमित कोण दिसतं? ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे आणि वर्धा रोडने रात्री आठला घरी पोहोचलं तरी चालतं, तो. वर्षअखेरीला "याची व्हिजिबिलिटी चांगली आहे" असा शेरा पडतो तो या मीटिंगचा. तीन महिन्यांच्या मीटिंगच्या वेळा तुमच्या कॅलेंडरमधून उतरवून काढा.

आता "पॉलिश". याची कसोटी एकच, घटना मागा. कोणत्या तारखेला, कोणत्या कॉलवर, मी काय बोलले आणि त्याने कंपनीचं काय अडलं? खरं कौशल्य कमी असेल तर समोरचा उदाहरण देऊ शकतो: "जुलैच्या ऑडिटमध्ये मूळ कारण सांगताना तुम्ही दोनदा आकडे बदलले." हे ऐकायला कडू असतं, पण उपयोगाचं असतं, सुधारता येतं. उदाहरण न येता "तसं ओव्हरऑल" किंवा "पुण्याची टीम जरा वेगळी असते ना मॅडम" असं उत्तर आलं, तर मुद्दा बोलण्याच्या हेलाचा, गावाचा किंवा आडनावाचा आहे असं समजायला जागा आहे. आणखी एक ताळा: बढती मिळालेले दोघं त्याच कस्टमरसमोर किती वेळा गेले, आणि त्यांच्या बोलण्याची परीक्षा कोणी, कधी घेतली? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही.

इथे कायद्याची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. खासगी नोकरीत वयावरून प्रमोशन नाकारलं म्हणून दाद मागता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. गाव, भाषा, हेल यांच्यासाठीही नाही. जातीवरून अपमान किंवा छळ झाला आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण नुसतं प्रमोशन न देणं त्यात सहज बसत नाही. स्त्री म्हणून झालेल्या भेदभावाला मात्र आधार आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण आणि बदली हे शब्द स्पष्ट घातले गेले होते. तो कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम ३ मध्ये "नोकरीच्या अटी" असा व्यापक शब्द आहे, बढती हा शब्द नाही. त्यामुळे वकिलाला आता बढती ही त्या अटींतलीच बाब आहे असा युक्तिवाद करावा लागतो. बाळंतपणाच्या रजेच्या काळात नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या करता येत नाहीत, ही १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली तरतूदही सामाजिक सुरक्षा संहितेत पुढे आली आहे. म्हणून लेखी तक्रारीत रजेचा भागाकार आणि बाळाचं वाक्य पुढे ठेवा, हेल आणि वय मागे. दुखतं ते कदाचित उलट क्रमाने, पण टिकतं ते या क्रमाने.

आणखी एक चूक टाळा. अनेक जणी हे घेऊन लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीकडे जातात. प्रमोशनचं आमिष किंवा धमकी लैंगिक वागणुकीशी जोडलेली असेल, तर ती जागा बरोबर आहे, आणि मग घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. तसं काही नसेल तर समिती "आमच्या कक्षेत नाही" असं लिहून देते आणि तुमचे दोन महिने जातात.

आता कृती. पहिली पायरी बोलण्याची, तक्रारीची नाही. साहेबांकडे वीस मिनिटं मागा आणि फक्त प्रश्न विचारा. "या दोन जागांसाठी कोणते निकष होते?" "त्यात मी कुठे कमी पडले, एक-दोन उदाहरणं सांगाल का?" "रजेच्या वर्षाचं टार्गेट हजर असलेल्या आठवड्यांच्या प्रमाणात धरलं होतं का?" आणि मग गप्प बसा. भेदभाव हा शब्द या बैठकीत उच्चारू नका. तो उच्चारला की समोरचा माणूस माहिती द्यायचं थांबवतो आणि बचाव सुरू करतो. त्याच संध्याकाळी एक छोटा मेल टाका. कंपनीत इंग्रजी चालत असेल तर इंग्रजीत, पण सूर असा:

"सर, आज दुपारी वेळ दिल्याबद्दल आभार. मला समजलं ते असं: निवडीत कस्टमरशी संवाद हा मुख्य निकष होता, माझ्या बाबतीत विशिष्ट घटना आत्ता सांगता येणार नाही, असं आपण म्हणालात, मागच्या वर्षीचं टार्गेट बाराच धरलं होतं. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावं."

हा मेल अत्यंत साधा दिसतो. पण त्यानंतर कारण बदललं तर ते बदललेलं दिसतं. एप्रिलमध्ये "पॉलिश", जूनमध्ये एचआरच्या उत्तरात "नेतृत्वगुण" आणि ऑगस्टमध्ये "बजेट नव्हतं", असा प्रवास झाला, तर चौकशी करणाऱ्याला तेवढं पुरतं. सरकणारं कारण हा अशा प्रकरणांतला सगळ्यात वजनदार पुरावा असतो, आणि तो तयार होतो फक्त पहिलं कारण वेळेवर कागदावर आलं तर.

दुसरी पायरी एचआरला पत्र, साधारण दहा-बारा दिवसांनी. एक पान, त्याहून जास्त नाही. त्यात तुमची नोकरीची तारीख आणि ग्रेड, तीन वर्षांची रेटिंग्ज, सात भागिले बाराचा आणि सात भागिले सहाचा हिशोब, साहेबांचं वाक्य अवतरणचिन्हांत तारखेसह, आणि शेवटी मागणी. मागणीवरच बहुतेक पत्रं फसतात. "मला न्याय मिळावा" ही मागणी नाही, तिला उत्तर देता येत नाही. नेमक्या तीन गोष्टी मागा: रजेच्या वर्षाचं रेटिंग प्रमाणात बदलून नव्याने द्यावं, त्या बदललेल्या रेटिंगवर माझ्या नावाचा फेरविचार व्हावा, आणि निवडीचे निकष व त्यातले माझे गुण मला लेखी मिळावेत. दुसऱ्याची बढती रद्द करा असं लिहू नका. ते दोघं तुमचे रोजचे सहकारी आहेत, त्यांचा दोष नाही, आणि ती मागणी मान्यही होत नाही. न्यायालयंही सहसा बढती थेट हातात देत नाहीत. बढतीचा हक्क नसतो, योग्य रीतीने विचार होण्याचा असतो. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांनी बढतीत डावलल्यावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. १९७९ च्या त्या निकालापर्यंत सरकारने त्यांना बढती देऊनही टाकली होती, आणि न्यायालयाने सांगितलं ते ज्येष्ठतेचा फेरविचार करायला. फेरविचाराची मागणी कमी वाटते, पण कंपनीला "हो" म्हणायला सोपी तीच असते.

पत्रात राजीनाम्याची धमकी नको, एमडींना कॉपी नको, आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक शब्दही नको. पत्र दिल्यावर तुमचं काम आणखी चोख ठेवा, कारण पुढच्या सहा महिन्यांत उशीर, चूक, रजा, सगळ्याच्या नोंदी होऊ लागतात. तशा नोंदी पत्राच्या तारखेनंतरच अचानक वाढल्या, तर त्याही तारखेसह टिपा.

उत्तर पंधरा-वीस दिवसांत आलं नाही किंवा "मॅनेजमेंटचा निर्णय अंतिम आहे" असं एक ओळीचं आलं, तर बाहेरची दारं. इथे आधी ठरवावं लागतं की कायद्याच्या भाषेत तुम्ही कामगार आहात का. पदाच्या नावाने ते ठरत नाही. सीनियर इंजिनिअर असूनही तुमचं मुख्य काम स्वतः तपासण्या करणं, रिपोर्ट बनवणं, म्हणजे तांत्रिक असेल, तर पगार कितीही असला तरी तुम्ही कामगार ठरू शकता. मुख्यतः माणसं सांभाळणं, रजा मंजूर करणं, हजेरी पाहणं असेल, तर ते सुपरवायझरचं काम. औद्योगिक संबंध संहितेत महिना १८,००० रुपयांवरचे सुपरवायझर आणि सगळे मॅनेजर कामगारांत येत नाहीत. म्हणून तुम्ही दिवसभर प्रत्यक्ष काय करता याची यादी आत्ताच करून ठेवा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. घटनेपासून एका वर्षात तिथे अर्ज देता येतो आणि समितीने तीस दिवसांत काम संपवायचं असतं.

महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदाही आहे. गुणवत्ता बाजूला ठेवून एका गटाला झुकतं माप देणं ही त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा मानली आहे, आणि तिची तक्रार औद्योगिक न्यायालयात करायची मुदत ९० दिवसांची आहे. वय, हेल, गाव यांसाठी वेगळा कायदा नाही असं वर म्हटलं. त्यांना थोडाफार आधार मिळतो तो याच कलमात, कारण इथे माप झुकलं हे दाखवायचं असतं, ते कशामुळे झुकलं ते नाही. नव्या संहिता आल्यापासून राज्याचा हा कायदा आणि केंद्राची संहिता यांतली कोणती वाट धरायची, हे प्रत्येक प्रकरणात वकिलाकडून पाहून घ्यावं लागतं. पण मुदत लहानातली लहान, म्हणजे ९० दिवसांचीच धरा. प्रमोशनची यादी लागली तो पहिला दिवस. साधारण साठाव्या दिवसापर्यंत, उत्तर आलेलं असो वा नसो, नागपुरात कामगार कायद्याची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवून घ्या. एचआरशी गोडीगुलाबीचा पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

नागपुरात सरकारी नोकरीतली माणसंही बरीच, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. वाट वेगळी आणि बरीच सोपी आहे. २००८ च्या देवदत्त खटल्यापासून गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे, "चांगला" हा शेरासुद्धा. कारण बढतीला "अतिशय चांगला" लागत असेल तर नुसता "चांगला" नुकसानच करतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अहवाल हातात आल्यापासून १५ दिवसांत त्यावर निवेदन देता येतं. ते पंधरा दिवस गेले की तोच शेरा पुढची पाच वर्षं मागे लागतो.

आता सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर: "पुढच्या वर्षी नक्की बघू." याला नाही म्हणू नका, पण तोंडी घेऊ नका. कस्टमरची कोणती जबाबदारी आणि कोणत्या तारखेपासून तुमच्याकडे येणार, वर्षभरात किती ऑडिट कॉल तुम्ही स्वतः चालवणार, आणि सप्टेंबरअखेर याचा आढावा कोण घेणार, एवढं मेलवर मागा. सहाची रिव्ह्यू मीटिंग साडेचारला घेता येईल का, हेही त्यातच विचारा. अनेक प्लांटमध्ये ती सहाला असण्याचं कारण "पहिल्यापासून तशीच आहे" एवढंच असतं. सप्टेंबरपर्यंत चाकणचा एकही कॉल तुमच्याकडे आला नसेल, तर मार्चची वाट पाहू नका. तो मेल उघडा आणि त्याच्याच खाली एका ओळीत विचारा की ठरलेली जबाबदारी कोणत्या तारखेला मिळेल.